चौदापैकी चौदा गुण मिळवणारं खोटं घड्याळ

एका दुकानात घडलेलं हे प्रकरण आहे. जुनी उंची मनगटी घड्याळं विकत घ्यायची, तपासायची आणि हमी देऊन पुन्हा विकायची, असा त्या दुकानाचा व्यवसाय. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घड्याळाबद्दलचे तांत्रिक तपशील जसेच्या तसे ठेवले आहेत. प्रकरणात माझा प्रवेश उशिरा झाला. घड्याळ उघडून आत काय आहे ते सांगण्यासाठी मला बोलावलं होतं.

पार्श्वभूमी

दुकानाच्या मालकांकडे एक तपासणी यादी होती, एका पानावर चौदा मुद्द्यांची. २०१२ च्या सुमारास त्यांच्याकडच्या एका जाणत्या कारागिराने ती तयार केली होती. ते निवृत्त झाले, पण पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं होतं. नवा माणूस कामाला लागला की आधी त्याच्याकडून ते पान पाठ करून घेतलं जाई.

यादी चुकीची नव्हती, हे आधीच सांगतो. ती लिहिली गेली तेव्हा त्यातला प्रत्येक मुद्दा कामाचा होता. सेकंदकाटा टकटक उड्या मारतो की सरकत जातो? तारखेवरचं भिंग तारीख अडीच पट मोठी दाखवतं का? काचेत सहाच्या आकड्यापाशी लेझरने कोरलेला बारीकसा मुकुट, म्हणजे रोलेक्स कंपनीचं चिन्ह, आहे का? डायलभोवतीच्या आतल्या कड्यावर कंपनीचं नाव आणि अनुक्रमांक कोरलेला आहे का? बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडा, एकाच दिशेने फिरते का, आणि पूर्ण फेरीत १२० खटके येतात का? वजन हाताला भरीव लागतं का? त्या काळातली बाजारू नक्कल यातल्या चार-पाच मुद्द्यांवर तरी हमखास अडकायची. भिंग तारीख जेमतेम दीडपट करायचं, मुकुट नसायचा किंवा लांबून दिसेल इतका ठळक असायचा, आणि घड्याळाची बाहेरची धातूची केस हातात घेतली की पोकळ वाटायची.

एक दिवस एक गृहस्थ रोलेक्स सबमरीनर डेट घेऊन आले. मॉडेल ११६६१० एलएन, म्हणजे २०१० ते २०२० या काळातलं ४० मिलिमीटरचं काळं घड्याळ. सोबत पेटी, पुस्तिका आणि २०१६ ची तारीख असलेलं हमीपत्राचं कार्ड. किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी सांगितली, पण संशय यावा इतकी कमी नाही. बोलणं शांत, घाई नाही. ओळखपत्राची प्रतही त्यांनी न कुरकुरता दिली.

सहाय्यकाने यादी काढली आणि पाऊण तास तपासलं. चौदापैकी चौदा! अनुक्रमांक चोरीच्या घड्याळांच्या नोंदीत शोधला, तिथेही काही निघालं नाही. मालकांनी घड्याळ हातात घेतलं, पट्ट्याची कडी दोनदा उघडून लावली आणि म्हणाले, "घे." तीन आठवड्यांत ते विकलंही गेलं.

समस्या

पाचेक महिन्यांनी नव्या मालकाने पोहायला जाण्याआधी पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यायचं ठरवलं. दाबचाचणी करणाऱ्या कारागिराने रबराचं कडं बदलायला मागचं झाकण उघडलं आणि थोड्या वेळाने झाकण तसंच सैल ठेवून घड्याळाच्या या नव्या मालकाला फोन केला. "आतलं यंत्र मला बरोबर वाटत नाही," एवढंच तो म्हणाला. गिऱ्हाईक घड्याळ घेऊन थेट दुकानात आलं.

दुकानातली पहिली प्रतिक्रिया स्वाभाविक होती. पुन्हा यादी काढली गेली आणि पुन्हा चौदापैकी चौदा आले. मग शंका त्या दाबचाचणीवाल्यावर घेतली गेली. आपल्या हत्यारावर माणसाचा भरवसा इतका असतो की हत्यार आणि समोरची वस्तू यांत तंटा उभा राहिला की तो आधी तिसऱ्याच कुणाला दोष देतो.

योगायोगाने त्याच महिन्यात उलटी गोष्टही घडली होती, पण तिच्याकडे कुणी समस्या म्हणून पाहिलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यातलं जुनं सबमरीनर, मॉडेल १६६१०, एक बाई विकायला घेऊन आल्या होत्या. वडिलांचं घड्याळ होतं. यादीने ते नापास केलं. कारणं दोन. काचेत लेझरचा मुकुट होता, आणि तो २००२ च्या सुमारास सुरू झाला, म्हणजे त्याआधीच्या घड्याळात नसायला हवा. शिवाय अंधारात काटे चमकत होते, पण डायलवरचे ठिपके मेलेले होते. सहाय्यकाने नम्रपणे नकार दिला.

ते घड्याळ पुढे मी दुसरीकडे पाहिलं आणि ते शंभर टक्के खरं होतं. मधल्या काळात त्याची नीट दुरुस्ती झाली होती, तेव्हा काच आणि काटे नवे बसवले होते. नव्या काचेत मुकुट असणारच. डायल मूळचा, ट्रिटियम नावाचं चमकणारं द्रव्य लावलेला. त्या ट्रिटियमची चमक पंचवीस-तीस वर्षांत विझून जाते. नव्या काट्यांवरचं द्रव्य वेगळं, म्हणून ते चमकत होते. वापरलं गेलेलं आणि सांभाळलेलं खरं घड्याळ असंच विजोड दिसतं. एकाच यादीने एका महिन्यात खोटं पुन्हा पास केलं आणि खरं परत पाठवलं, ही या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटलेली बाब.

यादी निकामी कशी झाली

पुढे जाण्याआधी हे समजून घ्यायला हवं, कारण सगळे निर्णय यावर बेतलेले आहेत.

नक्कल करणारा कारखाना एका अर्थाने आपल्यासारखाच वाचक असतो. 'खोटं घड्याळ कसं ओळखावं' असं जे काही प्रसिद्ध होतं, ते त्याच्या दृष्टीने दुरुस्तीच्या कामांची यादी असते. त्यात भर म्हणजे नकली घड्याळ नकली म्हणूनच जाणूनबुजून घेणारी गिऱ्हाइकं असतात. माल पाठवण्याआधी विक्रेता त्यांना फोटो पाठवतो आणि ती बारकाईने खोड्या काढतात. तारखेचा आकडा एका बाजूला सरकलाय, बेझलवरचा मोती, म्हणजे चमकणारा ठिपका, खोल बसलाय, कड्यावरची अक्षरं खुणांशी जुळत नाहीत. म्हणजे कारखान्याला जगभरातून फुकटात गुणवत्ता तपासनीस मिळालेले असतात. पुढची आवृत्ती निघते तेव्हा त्या खोड्या गेलेल्या असतात.

आता पैशाचा हिशेब पाहा. भिंगाचं मोजमाप बरोबर करणं, लेझरच्या ठिपक्यांनी मुकुट काढणं, बेझलला १२० खटके देणं, या सगळ्याला खर्च लागतो तो एकदाच: आराखडा, साचा, यंत्राचा प्रोग्रॅम. तो झाला की हजारावं घड्याळ पहिल्याइतकंच बरोबर निघतं. यादीतले बहुतेक मुद्दे नेमके याच जातीचे असतात, कारण टेबलावर बसून पाच मिनिटांत जे दिसतं तेच यादीत येतं. आणि जे दिसतं त्यावरच कारखाना पैसे घालतो.

पोलादाचं उदाहरण घ्या. रोलेक्स ९०४एल नावाचं पोलाद वापरते. इतर बहुतेक घड्याळांत ३१६एल असतं. ९०४एलमध्ये निकेल साधारण २३ ते २८ टक्के, तर ३१६एलमध्ये १० ते १४ टक्के. क्ष-किरणांच्या हातयंत्राने हा फरक काही सेकंदांत कळतो, म्हणून एके काळी ही चाचणी म्हणजे शेवटचा शब्द मानली जाई. पण ९०४एल हे काही गुपित द्रव्य नाही. रसायन उद्योगात ते सर्रास वापरलं जातं, बाजारात विकत मिळतं. वरच्या दर्जाच्या नकला आता त्याच पोलादाच्या असतात. आपल्या या घड्याळाची केसही ९०४एलचीच निघाली.

अनुक्रमांकाची तऱ्हा आणखी वेगळी. खऱ्या घड्याळाच्या विक्रीच्या जाहिरातीतला फोटो पाहून नंबर उचलायचा आणि नकलेवर कोरायचा. मूळ घड्याळ चोरीला गेलेलं नसेल तर चोरीच्या नोंदीत काही निघत नाही. दुकानाने त्याला 'स्वच्छ' म्हटलं. त्यातून सिद्ध एवढंच झालं होतं की या नंबरचं एखादं घड्याळ चोरीला गेल्याची तक्रार नाही.

विचारात घेतलेले पर्याय

मला बोलावलं त्या दिवशी मालकांसमोर चार वाटा होत्या.

पहिली, गिऱ्हाइकाचे पैसे परत करून विषय मिटवायचा आणि घड्याळ दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्याला 'जसं आहे तसं' देऊन टाकायचं. या वाटेचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नाही, पण ती खोलीत होती. मी स्पष्ट सांगितलं की आता तुम्हाला संशय आहे हे तीन माणसांना माहीत आहे, यापुढची विक्री ही जाणूनबुजून केलेली फसवणूक ठरेल.

दुसरी, अधिकृत सेवा केंद्रात पाठवायचं. तिथला निकाल सर्वांत वजनदार, कारण कोणत्या केसमध्ये कोणतं यंत्र बसवून घड्याळ बाहेर पडलं याची नोंद फक्त कंपनीकडे असते. अडचण अशी की तिथून उत्तर बहुधा 'सेवेसाठी स्वीकारता येत नाही' इतकंच मिळतं. घड्याळाचं काय खोटं, काय खरं, आणि पुढच्या वेळी कुठे पाहायचं, हे त्यातून कळत नाही.

तिसरी, स्वतंत्र कारागिराकडून यंत्र पूर्ण उघडून तपासायचं. वेळ जास्त, निकालाला कंपनीचा शिक्का नाही, पण शिकायला मिळतं.

चौथी वाट सहाय्यकाची. यादीत आणखी सहा मुद्दे घालून ती वीस मुद्द्यांची करायची. तो स्वतःवर फार चिडला होता आणि कुठेतरी आपल्याच नजरेत कमतरता होती असं धरून चालला होता. मी त्याला म्हटलं, "अरे, तुझं काही चुकलं नाही. तू पानावर लिहिलं होतं ते सगळं नीट पाहिलंस. पानच जुनं झालंय."

मालकांनी पैसे त्याच दिवशी परत केले आणि तिसरी वाट धरली. पैसे परत करायला निकालाची वाट पाहिली नाही, हा त्यांचा निर्णय मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गिऱ्हाईक शांत झालं आणि आम्हाला घाई उरली नाही.

तपासणीत काय केलं

सुरुवात मी झाकण न उघडता टाइमग्राफरपासून केली. हे यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकून ते दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं आणि आतलं बॅलन्स चाक किती अंशांनी हेलकावतं, ते दाखवतं. खऱ्या घड्याळात या मॉडेलला कॅलिबर ३१३५ नावाचं यंत्र असतं, ताशी २८,८०० ठोके. मोजणीत ठोके तेवढेच आले. डायल वर ठेवून हेलकावा २६८ अंश, चाल दिवसाला तीन सेकंद पुढे. उत्तम. घड्याळ उभं धरलं तेव्हा हेलकावा २३५ पर्यंत उतरला आणि वेगवेगळ्या स्थितींतला फरक चौदा सेकंदांपर्यंत गेला.

इथे सहाय्यकाचे डोळे चमकले. पण हा पुरावा नव्हे. पाच-सात वर्षं तेलपाणी न झालेलं खरं ३१३५ सुद्धा असे आकडे दाखवू शकतं. नुकतीच नीट जुळवलेली नक्कल याहून चांगले आकडे देऊ शकते. यंत्र कसं चालतं हे टाइमग्राफर सांगतो. ते कुणी बनवलं हे त्याला माहीत नसतं.

मग झाकण उघडलं. दाबचाचणीवाल्या कारागिराचं मला कौतुक वाटलं, कारण पहिल्या नजरेत सगळं जागेवर होतं. मनगटाच्या हालचालीने फिरून घड्याळाला चावी देणाऱ्या रोटरवर नाव, लाल रंगाची उलट-सुलट फिरणारी चाकं, बॅलन्सवरून आडवा गेलेला दोन्ही टोकांना टेकलेला पूल, बॅलन्सला हेलकावा देणारी बारीक वेटोळ्यांची निळी हेअरस्प्रिंग. दहा वर्षांपूर्वीच्या नकलेत झाकणाखाली सरळसरळ वेगळं, स्वस्तातलं यंत्र निघायचं आणि विषय तिथेच संपायचा. इथे यंत्राचीच नक्कल होती. पुलांचा आकार, स्क्रूच्या जागा, सगळं नमुन्यावरून घेतलेलं. फोनवर खऱ्या यंत्राचा फोटो काढून शेजारी धरला असता तर हेही 'पास' झालं असतं.

तीन ठिकाणी ते उघडं पडलं.

पहिलं, बॅलन्स चाकाच्या आतल्या बाजूचे चार छोटे सोनेरी नट. खऱ्या यंत्रात घड्याळाची चाल यांनीच जुळवतात. त्यांना ताऱ्यासारखे दाते असतात आणि ते फिरवायला वेगळी किल्ली लागते. या नटांवर किल्ली नीट बसेना. चाळीस पटींच्या सूक्ष्मदर्शकाखाली चारही नटांचे दाते एकमेकांशी जुळत नव्हते. दिसायला नट, पण कुणी किल्ली लावून पाहील अशी अपेक्षाच धरलेली नव्हती.

दुसरं, हेअरस्प्रिंग. निळा रंग ही खूण म्हणून कधीच बाद झाली आहे. खऱ्या स्प्रिंगचा निळेपणाही पृष्ठभागावरच्या थराचा असतो, आणि कुठल्याही स्प्रिंगला निळा थर देता येतो. महत्त्वाचा असतो तो आतला धातू. खरी निळी पॅराक्रोम स्प्रिंग नायोबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असते. तिच्यावर लोहचुंबकाचा परिणाम होत नाही. साध्या स्प्रिंगा लोह-निकेल कुळातल्या असतात. मी बॅलन्स बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बाजूने एक अगदी अशक्त चुंबक हळूच जवळ आणला. चाकाचा आस पोलादी असतो, त्यामुळे चाक थोडं हलतंच. त्याकडे पाहायचं नाही, वेटोळ्यांमधल्या अंतराकडे पाहायचं. इथे वेटोळी एका बाजूला ओढली गेली आणि एकमेकांना चिकटली. हे घरी करून पाहायचं काम नव्हे. खरी असो वा खोटी, हेअरस्प्रिंगला चुकून धक्का लागला तर ती कायमची वाकते.

तिसरं मला सर्वांत बोलकं वाटलं. काटे आणि डायल काढून यंत्राची डायलखालची बाजू पाहिली. मागच्या बाजूला गुळगुळीत कडा आणि नीट ओढलेल्या रेषा होत्या. इथे मात्र कापणीच्या यंत्राचे दाते उमटलेले, कडांवर धातूचे कंगोरे तसेच राहिलेले. खऱ्या यंत्रात न दिसणारी बाजूही त्याच निगुतीने घासलेली असते. कारखान्याने मागची बाजू सजवली, कारण हल्ली संशयी गिऱ्हाईक झाकण उघडून फोटो काढतं. डायल काढायला कुणी जात नाही, म्हणून तिथे एक पैसाही खर्च झालेला नव्हता.

आणि पट्टा? मालकांना ज्याने खात्री पटली तो पट्टा आणि कडी अस्सल निघाली. कडीतली बारीक सरकपट्टी दोन-दोन मिलिमीटरने सरकत होती आणि प्रत्येक टप्प्याला तो ओळखीचा घट्ट खटका येत होता. कुणीतरी खरा पट्टा वेगळा विकत घेऊन नकलेला जोडला होता. फसवणाऱ्याचा हा हिशेब बिनचूक होता. व्यापारी माणूस डोळ्यांनी तपासतो, पण विश्वास ठेवतो तो हाताच्या स्पर्शावर. आणि घड्याळाचा ज्या भागाला हात सर्वाधिक लागतो, तेवढाच भाग खरा ठेवला होता.

अनुक्रमांकाचा छडा सहाय्यकाने लावला. जुन्या जाहिराती चाळताना त्याला तोच नंबर असलेलं दुसरं घड्याळ सापडलं. त्याच्या केसला पट्टा जोडायचे जे कान असतात, त्यांपैकी एकावर खोल ओरखडा होता. आमच्या घड्याळाच्या त्याच जागी केस कधी घासल्याची किंवा पॉलिश केल्याची खूण नव्हती.

निष्पत्ती

घड्याळ विकणाऱ्या गृहस्थांचा दिलेला फोन बंद होता, पत्त्यावर कुणी तसं राहत नव्हतं. पोलिसांत तक्रार झाली, माझा लेखी अहवाल फोटोंसह जोडला आणि घड्याळ पुरावा म्हणून जमा केलं. खरा पट्टा तरी काढून घेऊ, तेवढंच नुकसान कमी, असा विचार मालकांनी बोलून दाखवला. मी नको म्हटलं. पुराव्याचे सुटे भाग काढायचे नसतात, आणि तो पट्टा आला कुठून हाही प्रश्नच होता. नुकसान पूर्णपणे दुकानाने सोसलं.

वडिलांचं घड्याळ घेऊन आलेल्या बाईंना मालकांनी स्वतः फोन केला. त्यांनी ते दुसरीकडे विकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडून आल्यावर मला वाटलं, बाबांनाच कुणी फसवलं होतं."

त्यानंतर कामाची पद्धत बदलली. वीस मुद्द्यांची यादी झाली नाही. जुनी यादी ठेवली, पण तिचा अर्थ एकतर्फी केला. नापास झालं तर कारण शोधायचं, पास झालं तर त्यातून काहीही सिद्ध झालं असं धरायचं नाही. झाकण उघडल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. विक्रेत्याला हे आधी सांगायचं, झाकण त्याच्यासमोर उघडायचं आणि नंतर दाबचाचणी आपल्या खर्चाने करून द्यायची. खात्रीच्या खऱ्या घड्याळांचे सूक्ष्मदर्शकातले फोटो मॉडेल आणि वर्षानुसार जमा करायला सुरुवात केली, कारण आठवणीतल्या 'खऱ्या'शी तुलना करण्यात अर्थ नसतो. आणि प्रत्येक खुणेपुढे वहीत दोन रकाने आले: ती खूण शेवटची कधी कामाला आली, आणि ती कालबाह्य झाल्याचं कधी कळलं.

कुठे वेगळं करता आलं असतं

खरेदीच्या दिवशी झाकण का उघडलं नाही? कारण उघडलं की जलरोधकपणाची पुन्हा चाचणी करावी लागते, वेळ जातो, आणि चांगला विक्रेता दुखावतो अशी भीती असते. या तिन्हींचा खर्च मिळूनही नुकसानीच्या शतांशही नव्हता. पण चौदा मुद्दे पास झाल्यावर ती तसदी निरर्थक वाटली. यादी नसती तर कदाचित त्यांनी घड्याळ उघडलं असतं. मला हे म्हणायला जड जातं, पण यादीने त्यांना अधिक बेसावध केलं.

विक्रेत्याला एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला: याची सर्व्हिस कधी आणि कुठे केली? २०१६ चं म्हणवणारं घड्याळ, कागद सगळे जपलेले, आणि मधल्या वर्षांत दुरुस्तीची एकही चिठ्ठी नाही. पेटी आणि कार्ड बनवता येतं. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या माणसांच्या हातून जमलेला क्षुल्लक कागदांचा ढीग बनवणं जास्त कठीण असतं, कारण त्यातला एखादा कागद फोन करून पडताळता येतो.

एक चूक माझीही. चुंबकाची गोष्ट मी सगळ्यांसमोर उत्साहाने करून दाखवली. दुसऱ्या दिवशी सहाय्यकाने त्याचा व्हिडिओ व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायची तयारी केली होती. त्यावर आमचा बराच वाद झाला. तो म्हणाला, इतर फसतील त्याचं काय? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, हा व्हिडिओ सर्वांत लक्ष देऊन कोण पाहील ते तूच सांग. शेवटी त्याने झाकण उघडून तपासा एवढीच सूचना टाकली, काय पाहायचं ते नाही. हा तोडगा बरोबर होता याची मला अजूनही पूर्ण खात्री नाही.

साताठ महिन्यांनी आणखी एक ११६६१० आलं. नव्या पद्धतीप्रमाणे समोर झाकण उघडलं. नट बरोबर, किल्ली नीट बसते, हेअरस्प्रिंग चुंबकाला दाद देत नाही. यंत्र निःसंशय खरं होतं. मी झाकण परत लावायला घेतलं आणि थांबलो. रोटरच्या बाहेरच्या कडेवर घासल्याचा एक चमकता पट्टा होता. ३१३५ चा रोटर बारीक आसावर फिरतो, आणि तो आस झिजला की रोटर डगमगून झाकणाला आतून घासू लागतो. हा पट्टा कित्येक महिन्यांच्या घासण्याचा होता. माझ्या हातातलं झाकण मात्र आतून आरशासारखं कोरं होतं.

झाकण बदललेलं असू शकतं, म्हणून विक्रेत्याला अधिकृत केंद्रात सोबत चला म्हटलं. ते तयार झाले, कारण त्यांनाही कुणीतरी ते विकलंच होतं. केंद्राने घड्याळ सेवेसाठी स्वीकारलं नाही. खरं जुनं यंत्र नव्या खोट्या केसमध्ये बसवलेलं होतं. दुकानात परत आल्यावर सहाय्यकाने वही उघडली, 'झाकण उघडून यंत्र पाहणे' या ओळीवर आला आणि 'कालबाह्य' या रकान्यात त्या दिवसाची तारीख टाकली.